‘पोवेराच्चो’ म्हणजे भिकारडा की बापडा?

नीरजा: एक इटालियन गोष्ट मराठीत आणतेय. शेजारची म्हातारी रोज ओझी वाहणाऱ्या एका हमालाबद्दल म्हणते, “पोवेराच्चो, फा उन लावोराच्चो.” वर्गात शिकवलं होतं की ईनो म्हणजे छोटं, ओने म्हणजे मोठं, आच्चो म्हणजे वाईट. त्या हिशोबाने मी लिहिलं, “भिकारडा मेला, घाणेरडं काम करतो.” एका प्रत्ययाला एकच छटा ठरवून ती शेवटपर्यंत पाळावी, असं माझं मत. पटतंय का?

मिरजकर: नाही पटत. म्हातारी त्याला शिव्या देत नाहीये, तिचा जीव तुटतोय. पडलेल्या लेकराला ती “पोवेरीनो” म्हणाली असती, आपण “अले अले” म्हणतो तसं. पोवेराच्चो हा थोराड माणसासाठी, नशिबाने पिळून काढलेल्यासाठी. आणि लावोराच्चोतलं वाईटपण कामाला चिकटलंय, करणाऱ्याला नाही. काम अंग मोडणारं आहे, एवढंच. मी लिहीन, “बापडा, नुसती ढोरमेहनत करतो.” दुसरा आच्चो ‘ढोर’मध्ये गेला. वेगळं विशेषण लागलंच नाही.

तात्या: एवढा खटाटोप कशाला? मराठीत ‘डा’ आहे की. म्हातारडा, कवडा. आच्चो दिसला की डा लावा, मोकळे व्हा.

मिरजकर: तात्या, ‘रूपडं’ म्हणताना काय करता? तिथे हाच प्रत्यय कौतुकाने येतो. आपला डा आच्चोसारखाच दोन्हीकडे झुकतो हे खरं, पण एकाच शब्दावर दोघेही एकाच बाजूला झुकतील याची खात्री नाही. इटालियनमध्ये ओने लागला की बाईचं व्याकरणाचं लिंगसुद्धा बदलतं. दोन्ना स्त्रीलिंगी, पण आडव्या बांध्याच्या बाईला म्हणतात ‘दोन्नोने’, तो शब्द पुल्लिंगी. “मोठी बाई” लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल गावची प्रतिष्ठित कुणी आली. “बाई कसली, धूड आहे धूड” म्हटलं की लिंगाची गंमतही थोडी वाचते.

बर्गामोची सून: माझा अनुभव सांगते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वरिष्ठ म्हणाले, “उन लावोरेत्तो” आहे. मला वाटलं छोटं काम असेल. रात्री नऊला घरी पोचले. मग कळलं की तो एत्तो कामाला नव्हताच, विनंतीला होता. आपण नाही का म्हणत, “जरा एक काम होतं”? इथल्या दुकानातलं “उन आत्तिमीनो”ही तसंच, तो क्षण कधीच छोटा नसतो.

मिरजकर: हे मोलाचं बोललात. ‘जरा’ हेच तिथलं भाषांतर. ‘सोम्मा’ म्हणजे रक्कम. तिला एत्ता लावून “उना बेल्ला सोम्मेत्ता” म्हटलं की अर्थ होतो घसघशीत रक्कम. प्रत्यय लहान करणारा आणि पैसे जास्त! बोलणारा ओठातल्या ओठात हसतोय, ते हसू मराठीत आणायचं. आणि शेपटी दिसली म्हणजे प्रत्यय असेलच असंही नाही. ‘मात्तो’ म्हणजे वेडा, पण ‘मात्तोने’ म्हणजे वीट.

चित्रकथी: थोडं विषयांतर. फ्लॉरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये 1420च्या दशकात दोन चित्रकार एकत्र काम करत होते. दोघेही मूळचे तोम्मासो. एक झाला मासोलीनो, दुसरा मासाच्चो. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी लिहितो की मासाच्चो हे नाव दुष्टपणामुळे नाही पडलं. स्वारी कपड्यांची, पैशांची, कशाचीच फिकीर करत नसे म्हणून पडलं. ‘गबाळा तोम्या’ म्हणा हवं तर.

तात्या: म्हणजे आच्चो कधी शिवी नसतोच?

मिरजकर: असतो ना. ‘पारोलाच्चा’ म्हणजे शिवीच. पोवेराच्चोसुद्धा अनेकवचनात, नाक मुरडून म्हटला की “भिकारडे लेकाचे” होतो. आधी बघायचं कोण बोलतंय आणि ज्याच्याबद्दल बोलतंय तो समोर आहे का. नीरजाताई, तुमची म्हातारी पुढच्या ओळीत त्या हमालाला काय करते?

नीरजा: सूप नेऊन देते. बरं, ‘भिकारडा मेला’ काढलं. पण माझा एक मुद्दा उरतोच. मूळ वाक्यात आच्चो दोनदा वाजतो, त्याची लय आहे. “बापडा, ढोरमेहनत”मध्ये ती कुठे गेली?

मिरजकर: गेली, मान्य. “बापडा बैलासारखा राबतो” केलं तर निदान ‘ब’ दोनदा येईल.

तात्या: ढोर नको तर बैल! म्हातारी सूप देतेय, वैरण नाही.

नीरजा: “बापडा, हाडं झिजवतो”?

बर्गामोची सून: माझ्या सासूबाई हे मान हलवत, सुस्कारा सोडत म्हणतात. तो सुस्कारा ‘बापडा’च्या आधी हवा. “काय करेल बापडा, हाडं झिजवतोय.”

मिरजकर: ‘काय करेल’ मुळात नाही हो.

बर्गामोची सून: शब्दांत नाही. आच्चोत आहे.