चॅनेल कॅम्पेनच्याच टेबलात ठेवू की वेगळं डायमेन्शन करू?

अंधेरीकर: गूगल आणि मेटाचा खर्च एका फॅक्ट टेबलात आणतोय, तारीख आणि कॅम्पेनची डायमेन्शन्स झालीत. चॅनेल वेगळा हवाच का? शिवाय गणपतीच्या कॅम्पेनचं नाव बदलून दिवाळी केलं तेव्हापासून खर्च डबल दिसतोय.

ठाणेकर७: उगाच कशाला वाढवतोस, गूगलचं सर्च कॅम्पेन म्हणजे सर्च, विषय संपला. कॅम्पेनमध्ये एक कॉलम टाक, एक जॉइन वाचतो.

परळवाली: सर्चपुरतं चालेल, पण मेटाचं एकच कॅम्पेन फेसबुक आणि इन्स्टा दोन्हीकडे फिरतं, मग त्या कॉलमात लिहिणार काय? समज दिवसाला १०,००० रुपये गेले, `publisher_platform` ने तोडून घेतलंस तर इन्स्टाचे ६,००० आणि फेसबुकचे ४,००० अशा दोन ओळी येतात. म्हणून फॅक्टची एक ओळ म्हणजे तारीख, कॅम्पेन आणि चॅनेल, आणि चॅनेलची की फॅक्टमध्येच. फक्त रीच तिथे बेरजेला ठेवू नकोस, इन्स्टावर २०,००० आणि फेसबुकवर १५,००० लोक असले तरी बरीच माणसं दोन्हीकडे तीच असतात, कॅम्पेनचा आकडा २९,००० येऊ शकतो, त्यामुळे तो वेगळा मागवून वेगळ्या टेबलात. आणि हो, गूगलचा `cost_micros` दहा लाखांनी भाग, मेटाचा `spend` थेट रुपयांत येतो.

ठाणेकर७: बरं मेटाचं मान्य, पण आमच्याकडे नव्वद टक्के सर्चच आहे, मी कॉलमच ठेवणार.

बोरिवली_लोकल: माझे आकडे तर तारखेलाच जुळत नव्हते. क्लायंटचं अकाउंट लॉस एंजेलिसच्या वेळेवर, म्हणजे आपल्या दुपारी साडेबारा-दीडला तिकडची तारीख बदलते.

परळवाली: हा वेगळा प्रश्न आहे पण खरा आहे, रोजच्या ओळी नंतर सरकवता येत नाहीत, तासागणिक डेटा घ्यावा लागतो. अंधेरीकर, तुझं डबल कशाने ते सांगते. नावाचा इतिहास ठेवतोस म्हणजे कॅम्पेनच्या टेबलात त्याच `campaign_id` च्या दोन ओळी झाल्या, गणपतीची आणि दिवाळीची, आणि तू `campaign_id` वर जोडतोयस, म्हणून १०,००० चे २०,००० होतात. फॅक्ट भरताना त्या तारखेला लागू असलेल्या ओळीची की उचल, मग रिपोर्टमध्ये एवढंच:

```sql
JOIN dim_campaign c
  ON f.campaign_key = c.campaign_key
```

जॉइनच्या आधीची आणि नंतरची खर्चाची बेरीज ताडून बघ, फरक आला तर कुठेतरी ओळी फुटल्यात.

अंधेरीकर: हो, `campaign_id` वरच होता! आता कन्व्हर्जन्सपण ह्याच टेबलात दोघांचे एकत्र?

ठाणेकर७: एकत्रच कर, साहेबांना एक आकडा लागतो.

परळवाली: कॉलम ठेव, पण दोन्ही प्लॅटफॉर्मची बेरीज दाखवू नकोस. माणसाने इन्स्टाची जाहिरात क्लिक केली, दोन दिवसांनी गूगलवरून येऊन घेतलं, तर ती विक्री दोघंही आपल्या नावावर लावतात. वर गूगल ती क्लिकच्या तारखेला टाकतं, म्हणजे मागच्या दिवसांचे आकडे नंतर बदलतात, म्हणून गेले ३० दिवस रोज पुसून परत भर.

ठाणेकर७: आणि साहेबांना काय सांगायचं, दोन आकडे घ्या?

परळवाली: विक्रीचा आकडा ऑर्डरच्या टेबलातून दे ना त्यांना.

ठाणेकर७: त्यात चॅनेल कुठून आणणार, निम्म्या ऑर्डरींवर यूटीएमच नसतो आमच्याकडे.