अनुभव धागा: एक वर्षाचं टॉट मास्टर्स की दोन वर्षांचं थिसिसवालं? देश निवडताना तुमचं काय झालं ते लिहा

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण सांगलीला बीएस्सी मायक्रोच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढे पीएचडी करायची हे तिचं पक्कं आहे. यूकेच्या एक वर्षाच्या एमएस्सीची ऑफर आलीये, सप्टेंबर २०२६ ची. तिच्या कॉलेजची एक सीनियर कॅनडात दोन वर्षांचं थिसिसवालं करतेय, ती म्हणते यूके नको. घरात रोज जेवताना हाच विषय. फी, थंडी, राहायचा खर्च हे सगळीकडे वाचायला मिळतं, ते नको. मला हवंय ते कॅलेंडर. कुठल्या महिन्यात काय चाललं होतं आणि पुढच्या पायरीचा अर्ज तुम्ही नक्की कधी केलात, तेव्हा हातात काय होतं, हे लिहा प्लीज.

मुळामुठा
वारणाकाठ, प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. मी उत्तर इंग्लंडमधे मॉलिक्युलर बायॉलॉजीत एक वर्षाचं केलं, आता तिथेच पीएचडी करतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

यूकेचं टॉट मास्टर्स, म्हणजे मुख्यतः वर्गात शिकवलं जाणारं, १८० क्रेडिटचं असतं, त्यातले साधारण १२० मॉड्यूल्सचे आणि ६० उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टचे. सप्टेंबरच्या शेवटी सुरू, डिसेंबरच्या मध्यात पहिली टर्म संपते, आमच्या परीक्षा जानेवारीत होत्या. आणि फंडेड पीएचडीच्या बऱ्याच जागांची मुदत नेमकी डिसेंबर-जानेवारीत संपते. म्हणजे अर्ज भरताना मास्टर्सचा एकही मार्क हातात नाही, प्रोजेक्टला अजून पाच-सहा महिने आहेत आणि रेफरन्स देणाऱ्या पर्सनल ट्यूटरला तुमचं नावसुद्धा नीट माहीत नाही. त्या वर्षी अर्ज करायचा तर तो खरं म्हणजे बीएस्सीच्या जोरावर करावा लागतो. तिचा कॉलेजमधे काही प्रोजेक्ट झाला असेल तर त्या मॅडमना निघायच्या आधीच रेफरन्ससाठी विचारून ठेवायला सांग, कारण पहिल्या डिसेंबरात तिला खरोखर ओळखणाऱ्या त्याच असतील.

आता प्रोजेक्ट. कागदावर जून ते ऑगस्ट. त्यातले सुरुवातीचे आठवडे सेफ्टी ट्रेनिंग, लॅबचं कार्ड आणि सामान ऑर्डर करण्यात जातात, शेवटचे लिहिण्यात. मला एका प्रोटीनचं वेस्टर्न ब्लॉट करायचं होतं, बँड कधी दिसायचा कधी नाही आणि बॅकग्राउंड काळंकुट्ट, लॅबमधल्या पोस्टडॉकने सांगितलं म्हणून ब्लॉकिंगला दुधाऐवजी बीएसए वापरलं तेव्हा कुठे स्वच्छ आलं, तोवर ऑगस्ट अर्धा सरला होता. मार्क चांगले मिळाले, कारण टॉटमधे तुम्ही विचार कसा केलात हे बघतात, डेटा थोडा असला तरी चालतो. पण पीएचडीच्या इंटरव्ह्यूला विचारतात की तुला काय सापडलं, त्यापुढे काय केलंस, आणि तिथे तीन महिन्यांचं काम फार तोकडं पडतं.

मला पीएचडी मिळाली ती दुसऱ्या फेरीत. मधलं वर्ष ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या व्हिसावर, रिसर्च टेक्निशियन होते आणि रेफरन्स त्या लॅबच्या बाईंनी दिला. म्हणून माझ्या मते पीएचडीवाल्यांसाठी यूकेचं एक वर्ष हे प्रत्यक्षात दोन वर्षांचं असतं, फक्त दुसऱ्या वर्षी फीऐवजी पगार असतो. तो जॉब मिळाला तर.

रत्नांग्री_हापूस
कॅनडाच बेस्ट. तिथे मास्टर्सला पैसे पडत नाहीत, उलट तेच देतात, माझ्या मावसभावाला मिळत होते. यूकेत चाळीस लाख कशाला घालवायचे?

प्रेअरीतला_नाशिककर
हापूस भाऊ, अर्धं खरंय. पैसे मिळतात ते थिसिसवाल्याला, आणि तेही प्रोफेसरकडे ग्रँट असेल तर. कोर्स-बेस्ड आणि एमइंजीवाले बहुतेक पूर्ण फी भरतात. आणि थिसिसवाल्यालाही फी माफ नसते, स्टायपेंड येतो आणि त्यातूनच ती भरायची. माझं भाडं आणि किराणा उरलेल्यात भागत होतं, थोडी टीएशिप होती, पहिल्या वर्षाच्या पोरांचे लॅब रिपोर्ट तपासायचे. घरून पैसे मागावे लागले नाहीत पण साठलेही नाहीत.

वारणाकाठ ताई, माझं कॅलेंडर सांगतो. पुण्यातून एमएस्सी करून गेलो होतो. सप्टेंबरला जायचं तर आधीच्या ऑगस्टपासून प्रोफेसरांना मेल. अर्ज विद्यापीठाला करायचा असला तरी प्रत्यक्षात घेतो प्रोफेसरच, त्याने हो म्हटल्याशिवाय कित्येक डिपार्टमेंटमधे अर्ज पुढे सरकत नाही. बहुतेक मेलना उत्तर येत नाही हे धरून चालायचं. ज्याला उत्तर आलं तो मेल छोटा होता, त्याच्या एका पेपरमधल्या एका प्रयोगाबद्दल दोन ओळी, मी स्वतःच्या हाताने काय केलंय त्याच्या तीन ओळी, आणि सरळ प्रश्न की पुढच्या सप्टेंबरला जागा आणि फंडिंग आहे का.

तिथे गेल्यावर कोर्स अगदी मोजके, पहिल्या वर्षातच उरकले. बाकी लॅब. स्यूडोमोनासमधे एक जीन नॉकआउट करायचा होता. अख्खा हिवाळा प्लेटवर जे उगवायचं ते सगळं मूळचंच, म्युटंट एकही नाही. शेवटी कळलं की सिलेक्शनचं अँटिबायोटिक त्या स्ट्रेनला कमी पडत होतं, म्हणून नको ते पण वाढत होतं. पुन्हा एमआयसी काढली, म्हणजे वाढ थांबायला कमीत कमी किती अँटिबायोटिक लागतं ते बघितलं, मग जमलं. मुळामुठा यांचं ऑगस्टमधे सुटलं आणि वेळ संपली, माझं मेमधे सुटलं आणि पुढे अख्खं वर्ष होतं. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात पीएचडीचे अर्ज भरले तेव्हा डेटा होता, एक पोस्टर होतं आणि गाइडसह कमिटीतले तिघं मला वर्षभर ओळखत होते. फरक मला एवढाच वाटतो, पण तो फार मोठा आहे.

दुसरी बाजूपण लिहितो. ऑफर लेटरवर फंडिंग दोन वर्षांचं होतं, थिसिस डिफेंड झाला तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या टर्मला. त्या टर्मची फी खिशातून. आणि सगळं एका माणसावर. माझ्या मित्राचा गाइड मधेच दुसऱ्या विद्यापीठात गेला, त्याला विषय बदलून जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागली. टॉटमधे एक लेक्चरर गेला तर दुसरा येतो, अशी वेळ येत नाही.

स्टुटगार्टची_सून
मी जर्मनीत दोन वर्षांचं केलं, कंप्युटर सायन्स, आणि मला तरी दोन वर्षं हेच चांगलं वाटलं कारण वेर्कश्टुडेंट म्हणून आठवड्याला २० तास काम करता आलं आणि शेवटच्या सेमिस्टरचा सहा महिन्यांचा थिसिस मी त्याच कंपनीत केला, तिथेच नोकरी लागली. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात ते मला लागलेच नाहीत. जर्मन मात्र पहिल्या दिवसापासून शिका.

वारणाकाठ
थँक्स गं, पण तिला नोकरीपेक्षा रिसर्च हवाय. तरी थिसिस कंपनीत करता येतो हे माहीत नव्हतं. जर्मनीत तीन वर्षांच्या बीएस्सीचं काय करतात?

स्टुटगार्टची_सून
माझं बीई होतं गं, चार वर्षांचं, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

प्रेअरीतला_नाशिककर
ताई, थांबा, तिसरं वर्ष म्हणजे तीन वर्षांची बीएस्सी? मग आधी हे बघा. कॅनडात बऱ्याच ठिकाणी मास्टर्सला चार वर्षांची बॅचलर लागते, आपली तीन वर्षांची थेट धरत नाहीत. मी एमएस्सी करून गेलो त्याचं हेच कारण. यूके तीन वर्षांची घेतं. तिच्या कॉलेजात एनईपीचं चौथं वर्ष, ऑनर्स विथ रिसर्च, असेल तर ते केल्यावर कॅनडाचे पर्याय वाढतात, शिवाय वर्षभराचा प्रोजेक्ट आणि रेफरन्सही मिळतो.

लायडनवासी
सायन्सवाला नाही, इतिहासवाला आहे. पण नेदरलँड्समधे दोन्ही एकाच देशात, एकाच फॅकल्टीत मिळतात, म्हणून लिहितो. एक वर्षाचं मास्टर ६० क्रेडिटचं, आणि दोन वर्षांचं, ज्याला रिसर्च मास्टर असंच म्हणतात, ते १२० चं. मी दुसरं केलं. वर्ग लहान, प्रवेश अवघड, आणि पहिल्या दिवसापासून गृहीत धरतात की तुम्ही पुढे पीएचडी करणार. तिथे पीएचडी ही पगारी नोकरी असते, जागा जाहिरातीने भरतात, वर्षभर कधीही. त्यामुळे डिसेंबरची ती भानगड नाही. एक वर्षवाल्यांनाही पीएचडी मिळते, माझ्या ओळखीत आहेत, म्हणून दोन वर्षं केलीच पाहिजेत असं मी म्हणणार नाही. फी मात्र दोन्ही वर्षं नॉन-ईयू दराने, आणि कॅनडासारखा स्टायपेंड नाही.

निवृत्त_बाप
माझा मुलगा यूकेचं एक वर्षाचं करून परत आला, प्राध्यापक व्हायचं म्हणतो. एक वर्षाची पदवी इथे धरतील का याची आम्हाला फार चिंता होती. २०२२ साली भारत-यूके करार झाला, त्यात एक वर्षाचं मास्टर्स मान्य केलंय, त्यामुळे तो अडथळा उरला नाही. पण एका कॉलेजने ५८ मार्क बघून ५५ टक्क्यांच्या जेमतेम वर असं म्हटलं, तिकडे ५० ला पास आणि ७० ला डिस्टिंक्शन असते हे समजावून सांगावं लागलं. आणि कर्जाचं लक्षात ठेवा ताई, कोर्स एक वर्षाचा म्हणजे हप्ताही एक वर्ष आधी सुरू होतो.

मुळामुठा
काका, मार्कांचं अगदी खरं.

वारणाकाठ, तिच्या तारखा मांडून बघितल्या. सप्टेंबर २०२६ ला गेली तर प्रोजेक्ट सप्टेंबर २०२७ ला देईल, निकाल साधारण नोव्हेंबरात, मग ग्रॅज्युएट रूटचा अर्ज. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत, म्हणजे साधारण मे २०२९ पर्यंत. पीएचडीची दुसरी फेरी डिसेंबर २०२७, सुरुवात ऑक्टोबर २०२८. बसतं, पण ती फेरी हुकली तर तिसरीचा निकाल येईपर्यंत व्हिसा संपत आलेला असेल. माझ्या वेळी ती ओढाताण नव्हती.

रत्नांग्री_हापूस
मग यूकेतच एमरेस का नाही करत? ते रिसर्चचं असतं ना.

मुळामुठा
चांगला पर्याय आहे. लॅबमधला वेळ बराच जास्त मिळतो, पण तेही बहुतेक एकच वर्षाचं, त्यामुळे पहिल्या डिसेंबरची अडचण तशीच. इंटरव्ह्यूपर्यंत निदान लॅबमधे पाय ठेवलेला असतो.

वारणाकाठ
बहिणीला सगळं वाचून दाखवलं. तिच्या कॉलेजात चौथं वर्ष आहे की नाही ते उद्या विचारणार आहे. यूकेची ऑफर एक वर्ष पुढे ढकलता येते का तेही विचारतोय. नाशिककर, कॅनडाचा प्रोफेसर हो म्हणाला तर तो बरा आहे की नाही हे इथे बसून कसं कळणार?

प्रेअरीतला_नाशिककर
त्याच्या लॅबच्या पानावर चालू विद्यार्थ्यांची नावं असतात, त्यातल्या एखाद्याला स्वतंत्र मेल करायचा आणि शक्यतो कॉलवर बोलायचं. विचारायचं इतकंच की शेवटचे दोन-तीन मास्टर्सवाले किती महिन्यांत सुटले, दोन वर्षांच्या पुढे गेले त्यांचे पैसे चालू राहिले का, आणि ते आता कुठे आहेत. प्रोफेसर सांगतो ते आणि हे जुळत नसेल तर पुढची लॅब बघायची.