मदत हवी आहे : साबणाने धुतलेल्या बोटाखालीच जिवाणू जास्त? फोटो बघून सांगा

पाटीपेन्सिल : खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवतो. न्यूट्रिएंट अगारच्या एकाच प्लेटवर मार्करनं तीन भाग पाडले : न धुतलेलं बोट, नुसत्या पाण्यानं धुतलेलं, साबणानं धुतलेलं. दोन दिवस कपाटात ठेवली. पहिल्या भागात 40 च्या आसपास ठिपके, दुसऱ्यात 55. साबणाच्या भागात मात्र सायीसारखा ओला थर, पार कडेपर्यंत. पोरं म्हणतात, "सर, साबण बंद करूया की!"

निपाणीकर : थर पसरलाय म्हणजे प्रोटिअस. कॉलेजात असाच बघितलेला.

सूक्ष्मदर्शी : प्रोटिअस पसरतो हे खरं, पण तो एका जागेवरून चारी बाजूंनी सरकतो आणि बहुधा एकात एक कडी दिसतात. इथं कडी नाहीत. थर वर निमुळता, खाली रुंद, आणि मार्करची रेघ ओलांडून गेलाय. त्याच्या वरच्या टोकाला दोन-तीन गोल वसाहती अजून शाबूत आहेत बघा. सर, प्लेट सरळ ठेवलेली की पालथी? झाकणाला थेंब होते?

पाटीपेन्सिल : सरळच. झाकण घामेजलेलं होतं. आणि कपाटाची फळी एका अंगाला कललेली आहे.

सूक्ष्मदर्शी : मग पाणी ठिबकलं आणि उतारानं वसाहती वाहून नेल्या. हा थर मोजायचा नाही, त्यावरून साबणाबद्दल काहीच म्हणता येत नाही. अगार उकळता ओतला की वाफ झाकणाला धरते. बाटली हातात धरवेल इतकी निवू द्या, साधारण 50 अंश, मग ओता. घट्ट झाल्यावर पालथी ठेवा. 40 आणि 55 मधला फरकही एका प्लेटवर धरू नका. ओलं बोट कोरड्यापेक्षा जास्त जिवाणू सोडतं. हात कशाला पुसले?

पाटीपेन्सिल : सगळ्यांनी एकाच टॉवेलला.

सूक्ष्मदर्शी : तिथंच घोळ. पुढच्या वेळी हात हवेत वाळवा, प्रत्येक भागाला वेगळी प्लेट घ्या. आणि एक प्लेट कुणीच बोट न लावता तशीच ठेवा. तिच्यावर काही उगवलं, तर अगार किंवा हवेतूनच आलंय.

विहीरवाली : आमच्या विहिरीचं पाणी असंच प्लेटवर घालून बघू का? पिवळं ठिपकं आलं तर पाणी खराब न्हवं?

सूक्ष्मदर्शी : नाही ताई, रंगावरून पाणी ठरत नाही. साध्या अगारवर निरुपद्रवीही भरपूर उगवतात. पाण्याला कोलिफॉर्मची चाचणी वेगळी असते, ती प्रयोगशाळेत करून घ्या.

निपाणीकर : बरं, प्रोटिअस मागे घेतो. पण पाण्याच्या भागातला तो गुलाबी ठिपका?

सूक्ष्मदर्शी : सेरेशिया असेल किंवा गुलाबी यीस्ट. नुसत्या फोटोवरून मी नाव देणार नाही. सर, त्यासाठी झाकण मात्र उघडू नका. टेपनं बंद करा, कुकरमध्ये पूर्ण वाफेवर अर्धा तास ठेवा, मगच टाका. तो कुकर परत स्वयंपाकाला नको.

पाटीपेन्सिल : कुकर हेडबाईंचा आहे. विचारतो.