सिगारेट सुटल्यावर नाडीचं काय झालं? तुमचे आकडे लिहा

प्रतापनगर : 5 जानेवारीला सिगारेट सोडली. वय 46, बावीस वर्षं रोज दहा-बारा. त्याआधी दोन आठवडे सकाळची नाडी वहीत लिहिली होती. उठायचं, बाथरूमला जाऊन यायचं, चहाच्या आधी पाच मिनिटं स्वस्थ बसायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. तेव्हा 79 च्या आसपास असायची. सोडल्यावर चौथ्या दिवशी 73, आठवड्यानं 70. मी दोनदा मोजून पाहिली. घड्याळातली रात्रीची एचआरव्ही, म्हणजे ठोक्या-ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं तो आकडा, मात्र 21, 33, 18 अशी उड्या मारत होती. रोजचा आकडा बघणं सोडून आठवड्याचा मधला आकडा काढायला लागलो, तेव्हा दिसलं की दहा आठवड्यांत तो 22 वरून 29 वर आलाय. आता एप्रिल संपत आला आणि नाडी पुन्हा 75. एक झुरकासुद्धा घेतलेला नाही. कोणाचं असं झालंय का? तारखांसकट लिहा.

महालचा भाऊ : माझी तर उतरलीच नाही बाप्पा. ऑगस्टमध्ये सिगारेट बंद केली, 82 ची 81 झाली फक्त. घड्याळच खराब असंल म्हणून दुसरं घेतलं, तेही तेच सांगून राहिलं.

ईसीजीवाली ताई : भाऊ, खर्रा चालू आहे का?

महालचा भाऊ : दिवसाला दोन पुड्या. पण धूर तर बंद आहे ना!

ईसीजीवाली ताई : धूर बंद झाला त्याचा फायदा आहेच, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दोन दिवसांत उतरतो. पण नाडी वाढवतं ते निकोटीन, आणि ते खर्र्यातून गालातून तसंच रक्तात जातं. खर्रा तर बराच वेळ गालात असतो. घड्याळ बरोबर सांगतंय.

प्रतापनगर दादा, तुम्ही चहा किती घेता?

प्रतापनगर : सहा कप. सिगारेट सुटल्यापासून सात-आठ. हात रिकामा राहतो ना.

ईसीजीवाली ताई : मग इथे बघा. सिगारेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृताला कॅफिन भराभर निकाली काढायला लावतात. हे काम निकोटीनचं नाही, धुराचं. धूर थांबला की आठवड्याभरात तो वेग पडतो आणि तेवढाच चहा अंगात बराच जास्त वेळ राहतो. लोकांना वाटतं सिगारेटवाचून झोप येत नाही, धडधडतं. कित्येकदा तो संध्याकाळचा चहा असतो. तुम्ही तर वाढवलाय. दुपारी तीननंतरचा बंद करून दोन आठवडे बघा.

मनीषनगर : माझ्या मिस्टरांची एचआरव्ही तिसऱ्या महिन्यात 30 वरून एकदम 95 झाली. म्हणजे हृदय पंचविशीतल्या माणसाचं झालं ना? जितकी जास्त तितकी चांगली असं वाचलंय.

ईसीजीवाली ताई : वहिनी, हळूहळू वाढली तर हो. एकदम तिप्पट झाली तर आधी शंका घ्यायची. घड्याळ दोन ठोक्यांमधल्या अंतरातला फरक मोजतं. मध्येच एखादा ठोका लवकर पडून पुढे थांबा आला, तर तोही फरकच, आणि आकडा फुगतो. मनगटावर बोट ठेवून बघा, ठोका चुकल्यासारखा लागतो का. लागला तर ईसीजी काढून घ्या. चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थांबू नका, लगेच दवाखाना.

मनीषनगर : चुकल्यासारखा लागतोय. उद्या नेते.

हिंगणा रोड : वजन किती वाढलं कोणाचं? माझं सहा किलो. नाडी वगैरे मी मोजली नाही.

कामठीकर : प्रतापनगर, चहा असेल, पण ऊन विसरू नका. मी 2023 पासून लिहितोय. त्याच सालच्या दिवाळीनंतर सोडली, डिसेंबरात 66 होती, मे महिन्यात 72. मला वाटलं सगळं वाया गेलं. मग घरातल्या घड्याळांतले आकडे शेजारी मांडले. बायकोनं आयुष्यात सिगारेट धरली नाही, तरी तिची मे महिन्यात 4 नं वाढलेली. उष्णतेत रक्त कातडीकडे जातं, घामानं अंगातलं पाणी कमी होतं, हृदयाला जास्त पळावं लागतं. आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. कूलरच्या खोलीत झोपायला लागलो, रात्री उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, 2 नं उतरली. जुलैत 67. म्हणून जानेवारीची तुलना पुढच्या जानेवारीशीच करतो.

प्रतापनगर : बायकोचं घड्याळ आत्ता उघडून बघितलं. जानेवारीत 71, या आठवड्यात 74. माझी 70 ची 75. म्हणजे 3 उन्हाचे धरले तरी 2 उरतातच. आज चारचा चहा घेतला नाही. 15 मेपर्यंत रोज लिहून इथेच टाकतो.

महालचा भाऊ : मीबी सकाळची पुडी बंद करून पाहतो. आज 82.