धुक्यात वाट चुकण्यावर पुस्तक सुचवा, मदत हवी आहे

मी साताऱ्याचा, रविवारी डोंगरात जाणारा. गेल्या पावसाळ्यात यवतेश्वरच्या सड्यावरून उतरताना धुकं आलं आणि मी सोंड धरायची सोडून शेजारच्या घळीत उतरलो, पाय सटकायला लागले, खाली नुसता पाण्याचा आवाज, तेव्हा कळलं पुढं कडा आहे, मग आलो तसाच परत वर चढलो. घरी येऊन सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा बघितला तर समोच्च रेषा २० मीटरच्या, म्हणजे १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मधेच लपू शकतो! गोनीदांचं दुर्गभ्रमणगाथा वाचलंय, जीव लावणारं आहे, पण मला होकायंत्र धरून सोंड कशी ओळखायची ते शिकवणारं हवंय. शिवाय चुकलेल्या वाटांबद्दल खरंखुरं लिहिलेली ट्रेकवर्णनं कुठली? मराठीत असेल तर आधी तेच सांगा.