मदत हवी आहे: वाढीव कामाचं बिल कसं करावं?

ऑफिसच्या वायरिंगचं २,४०,००० रुपयांचं कोटेशन पार्टीने मंजूर केलं. टॅलीत त्याची सेल्स ऑर्डर आहे, बिल करताना ऑर्डर नंबर निवडला की सगळ्या ओळी आपोआप येतात. मध्येच १२ पॉइंट वाढले, दर १,१०० प्रमाणे १३,२०० आणि वर १८ टक्के जीएसटी. होकार फक्त व्हॉट्सॲपवर आहे.

मूळ ऑर्डरमध्येच ओळ वाढवली तर बिल मंजूर कोटेशनशी जुळत नाही आणि त्यांचं अकाउंट्स पूर्ण पेमेंट अडवतं. डेबिट नोट इथे बसत नाही असं वाटतं, कारण आधीच्या बिलात रक्कम कमी लागलेली नाही, कामच नवीन आहे.

मग या वाढीव कामाच्या चेंज ऑर्डरला मूळ नंबरपुढे ‘/सी१’ लावून वेगळी ऑर्डर आणि वेगळं बिल करावं का? तिच्यावर पार्टीची सही कामाआधीच लागते, की नंतरची चालते?