'एक्सक्लूझिव्ह'ला मराठीत काय म्हणावं? (आणि आकारानुसार आकार)

कागदकात्री
एका चित्रकार मैत्रिणीचं दरपत्रक मराठीत करून देतोय. ती तासांवर पैसे लावत नाही. चित्र कशासाठी वापरणार, किती मोठं छापणार आणि तेच चित्र तिला दुसऱ्या कुणाला देता येणार की नाही, यावर लावते. मी झोकात लिहिलं, "चित्राचा आकार हा वापर, आकार व अनन्यता यांनुसार ठरेल." तिने विचारलं, आकार आकारानुसार ठरेल म्हणजे काय? माझ्या डोक्यात पहिला आकार विजेच्या बिलावरच्या 'स्थिर आकारा'तला होता. असो, तिथे 'मोबदला' घातला. खरा अडलोय 'अनन्यते'वर. ती म्हणते, अनन्य फक्त भक्ती असते, सौद्यात हा शब्द कुणाला कळणार नाही. मी म्हणतो, कळेल. कोण बरोबर?

पाटीपेन्सिल
एवढा घोळ कशाला? 'मानधन' लिहा.

शब्दवेल्हाळ
'मोबदला' अरबी, त्यात 'बदल' आहे. एक वस्तू देऊन दुसरी घेणं. इथे चित्रकर्तीकडून काही जातच नाही, मग बदल कसला? 'वापरशुल्क' म्हणा. आणि 'अनन्य' अगदी निर्दोष आहे. न अन्य, म्हणजे दुसरा नाही. लोकांना कळत नसेल तर लोकांनी शिकावं.

रेघोट्या
याच धंद्यात आहे म्हणून बोलते. मानधन नको. मानधन देणारा ठरवतो, दर घेणारा ठरवतो. दरपत्रकात मानधन लिहिलंत की समोरचा आकडा स्वतःच सांगू लागतो.

रंधा
मुळात तास सोडून बाकीचं लावायचंच कशाला, हे मला कळत नाही. सुतार खुर्ची करतो, लाकडाचे आणि मजुरीचे पैसे घेतो. खुर्चीवर कोण किती वेळ बसला ते मोजत नाही. चित्र विकलं की विकलं.

रेघोट्या
रंधा, खुर्ची एका वेळी एकाच घरात असते. चित्र शंभर ठिकाणी छापता येतं, म्हणून ते विकत नाही, वापरायला देते. माझंच उदाहरण सांगते. रुपये नको, पहिल्या व्यवहाराला 100 धरा.

एका मासिकाला घुबडाचं चित्र काढून दिलं. 6 तास लागले. पाव पान, एक अंक, त्याचे 100. मग त्यांना तेच पूर्ण पानावर हवं झालं. पान चौपट म्हणून 400 होत नाहीत. कल्पना आणि कच्ची रेखाटनं पाव पानालाही तेवढीच लागतात. दुसरीकडे पूर्ण पानावरचं चित्र अंकात जास्त भाव खातं, त्यामुळे 100 वरही थांबत नाही. मी 220 लावले.

वर्षभराने एक वहीवाला आला. त्याला मुखपृष्ठावर घुबड हवं होतं, 20,000 वह्या, 2 वर्षं. आता वही घुबडाकडे बघून उचलली जाणार, म्हणून 300. या खेपेला माझा एक तासही गेला नाही. तुमच्या हिशेबाने मला शून्य मिळायला हवं होतं.

मग तो म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही." मी विचारलं, दुसऱ्या वहीवाल्याला नाही, की कुणालाच नाही? फक्त वह्यांपुरतं अडवलं तर पिशवी, दिनदर्शिका, पुस्तकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे मोकळं राहतं. त्याचे 450 सांगितले. सगळंच अडवलं तर 2 वर्षं ते चित्र माझ्यासाठी कुलूपबंद, त्याचे 900. त्याने 450 वाला घेतला. बहुतेक जण तोच घेतात, कारण त्यांना भीती असते ती शेजारच्या वहीवाल्याची.

तास मी मोजते, पण माझ्या डायरीत. पहिल्या कामाचा आकडा तासांच्या मजुरीखाली जाऊ लागला तर काम घेत नाही. तेवढाच त्यांचा उपयोग.

रंधा
म्हणजे एक्सक्लूझिव्ह दिलं की हक्क गेला. तेच तर म्हणतोय, विकलंच ना शेवटी.

रेघोट्या
मुदतीपुरता वापर गेला, हक्क नाही. 2 वर्षं संपली की घुबड परत माझं. हक्कच लिहून दिला तर ते परत येत नाही, आणि त्याचा भाव वेगळा. 'सर्व हक्कांसह' हे दोन शब्दांचं शेपूट कराराच्या शेवटी दिसलं की मी आधी तेच खोडते. समोरच्याला अनेकदा फक्त 'निर्वेध छापता यावं' एवढंच म्हणायचं असतं.

पाटीपेन्सिल
आम्ही लेकीचं चित्र काढून घेतलं, दिवाणखान्यात टांगलंय. पाहुणे बघतात. त्याचे वापराचे पैसे द्यायचे राहिलेत का?

रेघोट्या
नाही हो. घरी टांगायचं असेल तर आकार आणि मेहनत यावरच भाव होतो. कागद तुमचा झाला. मात्र त्याची शुभेच्छापत्रं छापून विकायला काढलीत तर चित्रकाराशी काय ठरलं होतं ते आधी बघा.

बखरबहाद्दर
शब्दाकडे या. आपल्याकडे 'मक्ता' आहे की! एकालाच द्यायचं, मुदतीसाठी, ठरलेली रक्कम घेऊन. आणि एक्सक्लूझिव्ह नसेल तर 'खंडाने दिलं' म्हणा. शेत खंडाने दिलं तरी मालक मालकच राहतो.

शब्दवेल्हाळ
मक्ताही अरबीच. शिवाय 'मक्तेदारी'ला घाण वास येतो. आणि एकच शेत एका हंगामात दोघांना खंडाने देऊन बघा, डोकी फुटतील. तुमचा दृष्टांत उलटा आहे. खंड हाच एक्सक्लूझिव्ह.

बखरबहाद्दर
'शुल्क' तरी मराठी मातीत उगवलंय का? संस्कृत म्हणजे मराठी नव्हे. पण खंडाचं मान्य, तिथे चुकलो.

कागदकात्री
मला अजून एक शंका आहे. 'अनन्य'मध्ये खुद्द चित्रकर्ती धरायची का? न अन्य म्हणजे घेणारा सोडून सगळे अन्य, तीसुद्धा?

शब्दवेल्हाळ
अर्थातच नाही. कर्ती अन्य कशी?

रेघोट्या
इथेच गफलत होते. करारांत सहसा 'एक्सक्लूझिव्ह' म्हणजे मीसुद्धा नाही. 'सोल' म्हणजे दुसरं कुणी नाही, पण मी वापरू शकते. दोन्हीला मराठीत 'एकमेव' नाहीतर 'अनन्य' लिहून मोकळे होतात, आणि मग आपलंच चित्र कामाच्या नमुन्यांत दाखवलं म्हणून फोन येतो. मी शब्दावर विसंबत नाही. लिहिते, "वह्यांसाठी 2 वर्षं दुसऱ्या कुणालाही देणार नाही. माझ्या नमुना-संग्रहात दाखवीन."

अजून एक ठेच. मासिकाला देताना 'छपाई व संकेतस्थळ' लिहिलं, मुदत लिहिली नाही. वहीवाल्याने दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हटलं तेव्हा घुबड मासिकाच्या संकेतस्थळावर बसलेलंच होतं. आधी दिलेलं नंतरच्या कराराने परत येत नाही. संपादकांना विनवून उतरवलं आणि वहीवाल्याला जुना अंक दाखवून ठेवला. म्हणून नवं काही अडवून देण्याआधी मी जुन्या पावत्या चाळते.

बखरबहाद्दर
'अडवून देणं'! हाच शब्द घ्या की. अडवणूक-दर.

रंधा
हसू येतं. त्यापेक्षा 'राखीव' चालेल. राखीव डब्यात बाकीचे चढत नाहीत.

शब्दवेल्हाळ
राखीव म्हणजे कुणासाठी तरी राखलेलं. कुणासाठी ते लिहावंच लागतं. त्यामानाने बरा आहे, पण अनन्यची सर नाही.

कागदकात्री
तिला 'राखीव' आवडला. 'वह्यांसाठी राखीव, 2 वर्षं' असं लिहिलंय. 'आकार' शब्दही काढला, आता 'पाव पान, अर्धं पान, पूर्ण पान' आहे. पण ती विचारतेय, पडद्यावर पान नसतं, तिथे काय लिहायचं?

पाटीपेन्सिल
अजूनही सांगतो, मानधन.